उताऱ्यातला शब्द आणि त्याचे शेजारी



आज आपल्याशी एका अगदी लहान गोष्टीबद्दल बोलावयाचे आहे. मुलांच्या परीक्षेत एक उतारा छापलेला असतो, त्याखाली काही प्रश्न असतात, आणि त्यांतला एखादा प्रश्न असा असतो : ‘उताऱ्यातील अमुक शब्दाचा अर्थ काय ?’ खाली चार उत्तरे दिलेली असतात. त्यांतले एक निवडावयाचे, आणि त्याचे वर्तुळ काळे करावयाचे. दिसायला हा प्रश्न सर्वांत सोपा. पण जामखेडसारख्या तालुक्यात मुलांना पुष्कळ वर्षे शिकविल्यानंतर मी आपल्याला सांगतो की, हुशार मूल जिथे हमखास घसरते तो प्रश्न हाच.

प्रथम ही परीक्षा कोणती ते सांगतो, कारण घरी ऐकणाऱ्या आईबापांना ते ठाऊक असलेले बरे. पाचवीतील मुलांसाठी जवाहर नवोदय विद्यालयाची निवड चाचणी असते. आपल्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला आहे. त्या शाळेतल्या निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, म्हणून आपल्याकडचे पुष्कळ पालक मुलाला या परीक्षेला बसवितात. ज्यांना ऊसतोडीसाठी सहा सहा महिने घर सोडावे लागते, त्यांच्या दृष्टीने तर मुलाची राहण्याजेवण्याची आणि शिकण्याची सोय एका ठिकाणी होणे ही केवढी मोठी गोष्ट ! परीक्षेत 80 प्रश्न असतात, वेळ 2 तासांचा. त्यांपैकी 20 प्रश्न भाषेचे : चार उतारे, आणि प्रत्येक उताऱ्याखाली पाच प्रश्न. मराठीत परीक्षा देणाऱ्याला उतारे मराठीतच मिळतात. एका प्रश्नाला सव्वा गुण. ही सव्वा गुणाची गोष्ट ऐकून हसू नका. यादीत आत राहणे आणि बाहेर राहणे यांमध्ये कधी कधी तेवढेच अंतर असते.

आता एक लहानसा उतारा वाचून दाखवितो. हा मीच मुलांसाठी तयार केलेला आहे.

‘दुपारनंतर वारा वाढला. लाटा उसळू लागल्या. तांडेलाने शीड उतरविले आणि होडी खाडीच्या आडोशाला आणली. तेथे खलाशांनी नांगर टाकला. रात्रभर वादळ घोंघावत होते. पण होडी जागची हलली नाही.’

आणि खाली प्रश्न : ‘नांगर’ या शब्दाचा उताऱ्यातील अर्थ कोणता ? एक, जमीन नांगरण्याचे अवजार. दोन, होडी जागी धरून ठेवणारा जड आकडा. तीन, मासे धरण्याचे जाळे. चार, होडीचे वल्हे.

हा प्रश्न मी पाचवीच्या वर्गात प्रथम दिला, तेव्हा वर्गातल्या बहुतेक मुलांनी पहिले उत्तर निवडले. यात नवल नाही. आपल्या मुलांनी विंचरणा पाहिलेली असते, सीना पाहिलेली असते. पण त्यांतल्या कित्येकांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नसतो. नांगर मात्र घरच्या छपराखाली उभा असतो. मी एका मुलाला विचारले, ‘अरे, समुद्रात नांगर कशाला नेला असेल त्यांनी ?’ तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘गुरुजी, वझं झालं आसंल होडीत, म्हणून दिला टाकून !’

श्रोतेहो, वर्ग हसला. पण मला त्या उत्तराचे कौतुक वाटले, कारण मुलाने विचार केला होता. वादळात होडीतले सामान समुद्रात टाकून देतात, हे त्याने कुठल्या तरी गोष्टीत ऐकले होते. फक्त त्याने विचार उलट्या दिशेने केला. शब्दाचा अर्थ आधी पक्का धरला, आणि मग उताऱ्याला त्या अर्थाप्रमाणे वळविले. करावयाचे होते ते याच्या उलट. उतारा पक्का धरावयाचा, आणि शब्दाचा अर्थ त्याप्रमाणे वळवावयाचा.

तर मग हे कसे शिकवावे ? मी पुढे जी रीत धरली ती सांगतो. मुलाला सांगावे, बाबा, चार उत्तरांकडे अजून पाहू नकोस. त्यावर हात ठेव. ज्या वाक्यात तो शब्द आहे ते वाक्य वाच. त्याच्या आधीचे एक वाक्य वाच, नंतरचे एक वाक्य वाच. आता तो शब्द पुसून गेला आहे असे समज. कागदाला तिथे भोक पडले आहे असेच म्हणा ना ! त्या भोकात तुझ्या घरच्या भाषेतला कोणता शब्द बसेल ते तू सांग.

नांगराच्या उताऱ्यात हे करून पाहू. आधीचे वाक्य काय सांगते ? होडी आडोशाला आणली. म्हणजे प्रवास थांबला, आता मुक्काम. नंतरचे वाक्य काय सांगते ? रात्रभर वादळ होते, पण होडी जागची हलली नाही. या दोहोंच्या मध्ये खलाशांनी काहीतरी टाकले. ते काय असेल ? मुले आपल्या भाषेत सांगू लागतात. एक म्हणतो, ‘खुंटा ठोकला आसंल.’ दुसरा म्हणतो, ‘दावं बांधलं.’ तिसरा म्हणतो, ‘मोठा धोंडा सोडला आसंल खाली.’ पाहा, समुद्र न पाहिलेली मुले, पण जवळजवळ बरोबर ठिकाणी येऊन पोहोचली. बैल दाव्याला बांधतात तशी होडी कशाला तरी बांधली, एवढे त्यांना कळले. आता हात काढ आणि चार उत्तरे पाहा. खुंटा, दावे, धोंडा यांच्या जवळचे कोणते ? ‘होडी जागी धरून ठेवणारा जड आकडा.’ बस्स.

उत्तरांवर हात ठेवण्याचा मी इतका आग्रह का धरतो ? कारण ती चार उत्तरे निष्पाप नसतात. प्रश्न काढणाऱ्याने ती मुद्दाम मांडलेली असतात. एक उत्तर असते ते शब्दाचा नेहमीचा, ओळखीचा अर्थ. तो मुलाला लांबून हाका मारतो. दुसरे असते ते उताऱ्याच्या विषयाला शोभणारे, पण त्या वाक्यात न बसणारे. आपल्या उताऱ्यातले ‘जाळे’ पाहा. होडी आली, खलाशी आले, म्हणजे जाळेही असणारच, आणि जाळे टाकतातही. वाक्य कानाला खटकत नाही. पण वादळाच्या रात्री आडोशाला येऊन कोणी मासे धरीत नाही, आणि जाळ्याने होडी जागची अडत नाही. म्हणजे ‘जाळे’ या उत्तराला त्या एका वाक्याने अडविले नाही, शेजारच्या वाक्यांनी अडविले. ज्या मुलाने आधीच स्वतःचा शब्द मनात धरलेला असतो ते या उत्तरांना भुलत नाही. ज्याच्या मनात काहीच नसते ते चारही उत्तरे गोड वाटून बसते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कित्येक शिक्षक मुलांना सांगतात की, उत्तर उचलून वाक्यात घालून पाहा आणि जे बरोबर बसेल ते निवडा. हे चांगलेच आहे, पण मुले ते फार शब्दशः घेतात. एका मुलीने मला सांगितले, ‘गुरुजी, “खलाशांनी आकडा टाकला” बसतंय, पण “जाळे टाकला” बसत नाही, म्हणून जाळे चूक.’ उत्तर बरोबर आले, पण कारण चुकले. उद्या बरोबर उत्तराचे लिंग वेगळे असेल तर हीच मुलगी बरोबर उत्तर टाकून देईल. उत्तर वाक्यात घालताना क्रियापदाचे रूप आपणच बदलून घ्यावयाचे असते, ‘टाकला’चे ‘टाकले’ करावयाचे असते, आणि मग अर्थ बसतो की नाही ते पाहावयाचे असते.

पण आता दुसरी बाजू ऐका. उत्तराच्या लिंगाला जरी महत्त्व नसले, तरी उताऱ्यातल्या मूळ शब्दाच्या लिंगाला फार महत्त्व आहे. ही आपल्या मराठीची एक मोठी सोय आहे, आणि तिचा उपयोग आपण वर्गात पुरेसा करीत नाही. आपल्याकडे कित्येक जोड्या अशा आहेत की, शब्द एकच, पण लिंग बदलले की अर्थ बदलतो. तो माळ, ती माळ. तो माळ म्हणजे उघडी, मुरमाड जमीन. ती माळ फुलांची किंवा मण्यांची. तो हार गळ्यात पडतो, ती हार कुस्तीत होते. ते नाव आपल्याला बारशाला मिळते, ती नाव पाण्यावर तरते. आता उताऱ्यात ‘माळ’ शब्द आला आणि पुढे ‘ओसाड पडला होता’ असे असले, तर फुलांचा प्रश्नच उरत नाही. ‘पडला’ या एका शब्दाने निकाल दिला. नांगराच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही. शेतातला नांगरही ‘तो’ आणि होडीचा नांगरही ‘तो’च. तिथे शेजारच्या वाक्यांनाच विचारावे लागते.

याच लिंगाच्या गोष्टीवरून मला माझी एक फजिती आठवते, आणि ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. नांगराच्या उताऱ्यानंतर मला वाटले की आपल्या मुलांवर अन्याय झाला. दर वेळी समुद्र, आगगाडी आणि बर्फच का ? एक उतारा आपल्या शिवारातला घालू या. म्हणून मी पुढचा उतारा लिहिला.

‘मृग कोरडा गेला. आर्द्रेच्या तिसऱ्या दिवशी बालाघाटाच्या अंगाने ढग चढून आले आणि रात्रभर पाऊस पडला. सकाळी शेजारच्या शिवारात पाभरी निघाल्या. आजोबांनी पाभर काढली नाही. “रान अजून चिखल आहे,” ते म्हणाले. दोन दिवस ते बांधावर जात, मूठभर माती दाबून पाहत आणि परत येत. तिसऱ्या दिवशी माती हाताला न चिकटता भुसभुशीत सुटली. “आता घात आली,” असे म्हणून त्यांनी बैल जुंपले. सांजेपर्यंत शेवटचे तास पुरे झाले. आठ दिवसांनी शेजारच्या रानावर पापडी धरली होती आणि उगवण विरळ होती. आजोबांच्या रानात बाजरीचे कोंभ ओळीने वर आले होते.’

पहिला प्रश्न ‘घात’ या शब्दाचा अर्थ. उत्तरे : नाश, पेरणीजोगी ओल, घाई, पावसाची सर. दुसरा प्रश्न ‘तास’ या शब्दाचा अर्थ. उत्तरे : साठ मिनिटांचा काळ, पाभरीने पडलेली ओळ, शाळेतला तास, काम करणारा गडी.

पेपर तपासला आणि गंमत दिसली. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलांनी ‘घात’ पटकन बरोबर सोडविली. पेठेतल्या दुकानदारांच्या आणि नोकरदारांच्या मुलांनी ‘नाश’ लिहिले. मला आनंद झाला, म्हटले आपली शेतकऱ्यांची मुले पुढे गेली. पण मग एक शंका आली. मी वस्तीवरच्या एका मुलाला बोलावून विचारले, ‘तुला कशावरून कळलं रे, घात म्हणजे ओल ?’ तो म्हणाला, ‘त्यात काय कळायचं, गुरुजी ? आमचं आबा रोज म्हणत्यात की, घात आली, घात मोडली.’ मी विचारले, ‘उतारा वाचलास का ?’ तर म्हणतो, ‘न्हाई. खालचा सवालच वाचला.’

म्हणजे माझ्या प्रश्नाने वाचन तपासलेच नव्हते. कोणाच्या घरी औत आहे आणि कोणाच्या घरी तराजू आहे, एवढेच त्याने तपासले. समुद्राच्या उताऱ्याने जो अन्याय केला, तोच मी उलट्या बाजूने केला होता.

शिक्षक बंधूंनो, तेव्हापासून मी एक नेम केला. शब्दाचा प्रश्न तयार झाला की, तो प्रथम उताऱ्याशिवाय चारपाच मुलांना विचारावयाचा. उतारा न वाचता जर बहुतेकांना उत्तर येत असेल, तर तो प्रश्न शब्दसंग्रहाचा आहे, वाचनाचा नाही. आणि उतारा वाचल्यावरही जर कोणालाच येत नसेल, तर उताऱ्यात खूण ठेवायला आपण विसरलो आहोत. न वाचता अडते आणि वाचल्यावर सुटते, तोच आपल्या कामाचा प्रश्न.

पेठेतल्या मुलांना मग मी ‘घात’ कशी उलगडून दाखविली ते सांगतो. ‘घात’ म्हणजे नाश, हे तुम्हांला ठाऊक आहे, ठीक. पण तो घात की ती घात ? ‘त्याचा घात झाला’ असे आपण म्हणतो. उताऱ्यात काय आहे ? ‘घात आली.’ म्हणजे ही घात स्त्रीलिंगी आहे. हा तुमच्या ओळखीचा शब्दच नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा शब्द आहे. पहिली खूण मिळाली. आता शेजारी पाहा. आधी आजोबा थांबले होते, कारण रान चिखल होते. मग माती हाताला चिकटेनाशी झाली. लगेच ते म्हणाले, घात आली, आणि बैल जुंपले. ज्याची वाट पाहत होते ते आले, म्हणूनच कामाला लागले ना ? मग नाश आला म्हणून कोणी आनंदाने बैल जुंपील काय ? ‘पावसाची सर’ म्हणावी, तर माती उलट सुकत चालली आहे. ‘घाई’ म्हणावी, तर आजोबा तर तीन दिवस थांबले. उरले एकच. आणि शेवटच्या वाक्याने त्यावर शिक्का मारला : घाई करणाऱ्यांच्या रानावर पापडी धरली, म्हणजे ओला चिखल वाळून वरचा थर कडक झाला आणि कोंभाला वर येता येईना, थांबणाऱ्याचे पीक उगवले. शेतीचा गंध नसलेल्या मुलीनेही एवढ्या खुणांवरून ‘पेरायला योग्य अशी ओल’ असे आपल्या शब्दांत सांगितले. तिला ‘वाफसा’ शब्द ठाऊक नव्हता. त्याची गरजही नव्हती.

पण माझी खरी फजिती झाली ती ‘तास’ या शब्दावर. माझे उत्तर होते ‘पाभरीने पडलेली ओळ’. शेतकऱ्याच्या बोलण्यात ते तास म्हणजे औताची ओळ. आणि मी ऐटीत फळ्यावर लिहिले की, तो तास म्हणजे साठ मिनिटे आणि ते तास म्हणजे ओळ. उताऱ्यात ‘शेवटचे’ आहे, म्हणून ते नपुंसकलिंगी, म्हणून ओळ. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला. सराफकट्ट्यावरच्या घरातला मुलगा होता. म्हणाला, ‘गुरुजी, “शेवटचे तास” म्हणजे दिवसाचे शेवटचे दोनतीन तास का नाही ? तो तास, ते तास. अनेकवचन. सांजेपर्यंत तास पुरे झाले, असं बसतं की.’

श्रोतेहो, मी फळ्याकडे पाहिले आणि गप्प झालो. मुलाचे म्हणणे खरे होते. ‘शेवटचे तास पुरे झाले’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी नीट बसते. ‘तो तास’चे अनेकवचन आणि ‘ते तास’चे एकवचन यांची रूपे इथे एकच दिसतात. त्यातून मी स्वतःच आधी ‘सांजेपर्यंत’ हा काळाचा शब्द घालून मुलांना घड्याळाकडे ढकलले होते. चूक वाचणाऱ्याची नव्हती, लिहिणाऱ्याची होती. मी सर्वांसमोर तसे सांगितले आणि ‘साठ मिनिटे’ लिहिणाऱ्यांनाही गुण दिले. आणि वाक्य दुरुस्त केले : ‘सांजेपर्यंत बांधालगतचे शेवटचे तास पेरून झाले.’ तास बांधालगत असते आणि ते पेरता येते, एवढे कळल्यावर साठ मिनिटांचा अर्थ आपोआप गळून पडतो. दोन शब्दांची भर, पण तीच खूण.

मुलांना शेजारचे शब्द पाहा म्हणताना हे लक्षात ठेवले पाहिजे की, शेजारी नेहमी मदत करतातच असे नाही. अमेरिकेत इझाबेल बेक, मार्गारेट मॅककिऑन आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने 1983 साली याविषयी एक निबंध लिहिला. शब्दाभोवतीचे वाक्य कधी अर्थाकडे सरळ नेते, कधी अंदाजापुरते सांगते, कधी काहीच सांगत नाही, आणि कधी चक्क चुकीच्या वाटेला लावते, अशी त्यांनी वर्गवारी केली. माझे ‘तास’चे पहिले वाक्य या शेवटच्या जातीचे होते. ते माझ्या हातून घडले, हे जर मुलाने बोट दाखविले नसते तर मला कळलेही नसते.

परीक्षेत मात्र बोट दाखविण्याची सोय नसते. मग वाक्य काहीच सांगत नसेल तर मुलाने काय करावे ? उतारा पुढे वाचावा. पुष्कळदा खूण त्याच वाक्यात नसून दोन वाक्यांनंतर असते; आपल्या उताऱ्यात ‘पापडी’ होती तशी. म्हणूनच प्रश्न आधी वाचून तेवढीच ओळ शोधण्याची घाई करू नये. उतारा एकदा सबंध वाचावा. वेळ पुरतो. 80 प्रश्नांना 120 मिनिटे, म्हणजे एका उताऱ्याच्या पाच प्रश्नांच्या वाट्याला साडेसात मिनिटे येतात. शंभरसव्वाशे शब्दांचा उतारा पाचवीचे मूल मनात सावकाश वाचूनही त्यात उरते. आणि एवढे करूनही दोन उत्तरांत अडले, तर त्यांतले एक निवडून वर्तुळ भरावे. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. मात्र बॉलपेनने भरलेले वर्तुळ पुन्हा बदलता येत नाही, म्हणून विचार आधी आणि पेन नंतर.

आणखी एक खड्डा आहे तो विरुद्धार्थी शब्दाचा. प्रश्न असतो, ‘उताऱ्यातील अमुक शब्दाचा विरुद्धार्थी शब्द निवडा’, आणि मूल घाईने समानार्थी निवडते, कारण तोही शब्द चार उत्तरांत मुद्दाम ठेवलेला असतो. हे तर झालेच. पण त्याहून बारीक गोष्ट अशी की, विरुद्ध अर्थही वाक्य पाहूनच ठरतो. ‘मृग कोरडा गेला’ यातल्या कोरड्याच्या उलट पावसाचा, ओला. पण ‘पाहुण्याने कोरडे उत्तर दिले’ यातल्या कोरड्याच्या उलट काय ? ओले उत्तर असे कोणी म्हणत नाही. तिथे आपुलकीचे, जिव्हाळ्याचे असे काही पाहिजे. आमच्याकडे मुलांना विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेतात : कोरडा–ओला, जड–हलका, गोड–कडू. पाठ असणे वाईट नाही. पण ‘जड अंतःकरणाने निरोप दिला’ या वाक्याखाली ‘जड’चा अर्थ विचारला की यादी गप्प बसते, आणि मूल ‘वजनदार’ लिहून मोकळे होते.

पेपर तपासून झाल्यावर नुसते गुण मोजून ठेवू नयेत, असे मला शिक्षकांना सुचवावेसे वाटते. प्रत्येक शब्दाच्या प्रश्नापुढे, कोणते चुकीचे उत्तर किती मुलांनी निवडले ते लिहून पाहावे. बहुतेकांनी नेहमीचा अर्थ निवडला असेल, तर ती मुले उतारा न वाचता ओळखीवर चालली आहेत. विषयाला शोभणारे पण वाक्यात न बसणारे उत्तर निवडले असेल, तर त्यांनी उतारा वाचला आहे, पण शेजारची वाक्ये जोडली नाहीत. या दोन चुकांवर उपाय वेगळा आहे. पहिल्या मुलाला उत्तरांवर हात ठेवायला लावावे लागते. दुसऱ्याला ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरी’, ‘तेव्हा’ हे शब्द अधोरेखित करायला लावावे लागतात. नांगराच्या उताऱ्यात ‘पण होडी जागची हलली नाही’ यातला ‘पण’ ज्याला दिसला, त्याला अर्धे उत्तर मिळाले. चारही उत्तरांत मुले सारखी विखुरली असतील, तर ती अंदाजाने ठोकीत आहेत किंवा आपला प्रश्न फसला आहे. तेव्हा प्रथम प्रश्नाकडे पाहावे.

घरी ऐकणाऱ्या बायाबापड्यांनो, तुम्हांला वाचता येत नसले तरी यात तुमचे काम आहे. मुलगा उतारा वाचीत बसला की त्याला म्हणावे, ‘मोठ्यानं वाच.’ आणि एखादा शब्द तुम्हांला नवा वाटला, की त्याला विचारावे, ‘ह्यो काय शबुद हाय रं ? आन् कशावरनं म्हणतोस ?’ हे दुसरे वाक्य विसरू नका. त्याने नुसता अर्थ सांगितला तर तो कुठून तरी ऐकलेला असेल. ‘कशावरनं’ म्हटले की त्याला उताऱ्यातली ओळ दाखवावी लागते. वर्गातही मी हेच करीत असे. प्रत्येक शब्दाच्या उत्तराबरोबर उताऱ्यातली ज्या शब्दांवरून ते ठरविले ती जागा पेन्सिलीने खुणावून दाखवावयाची. खूण नसेल तर उत्तर बरोबर असले तरी अर्धेच गुण. मुले कुरकुरत. एक पालक तर भांडायला आले होते, की पोराचे बरोबर आलेले गुण कापले म्हणून. त्यांना मी तोच उतारा वाचून दाखविला आणि ‘तास’ची गोष्ट सांगितली. ते शेतकरी होते. म्हणाले, ‘गुरुजी, आमाला तर दोन्ही तास ठाव हायती, ह्यानं कुठलं धरलं ते त्यालाच इचारा.’

वेळ संपत आली आहे. जाता जाता एक शब्द आपल्या घरी सोडून जातो. शब्द आहे ‘घाट’. चार वाक्ये सांगतो. आपल्या तालुक्यातल्या चोंडीला 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी महेश्वरला नर्मदेच्या काठी घाट बांधले. बीडकडे जाणारी गाडी सौताड्याचा घाट चढते. कुंभाराच्या हातातून मडक्याला सुंदर घाट आला. आणि चौथे, पावसाचा पत्ता नसताना त्यांनी लग्नाचा घाट घातला. चारही ठिकाणी तो घाटच आहे. ‘तो’ आणि ‘ती’ची युक्ती येथे उपयोगी नाही. प्रत्येक वाक्यातल्या दुसऱ्या कोणत्या शब्दाने घाटाचा अर्थ ठरविला, तो एकच शब्द मुलांना शोधावयास सांगा. आणि चौथ्या वाक्यात ‘लग्नाचा’ हा शब्द काढून त्या जागी ‘पाण्याच्या टाकीचा’ घातला तर घाटाचा अर्थ बदलतो की तोच राहतो, हेही त्यांना विचारा.